तीन वायरकट, अकरा प्लेटा: सर्वांत मोठे काम आधी देण्याच्या नियमाचे एक प्रकरण

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या लहान टूलरूममध्ये वायरकटचा, म्हणजे तारेतून पडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशिनांचा, विभाग बहुधा असा असतो: एकाच बनावटीची दोन-तीन मशिने, त्यांवर लक्ष ठेवणारा ऑपरेटर, प्लेटा बांधून सेटिंग करून देणारा एकच सेटर आणि सुपरवायझरच्या टेबलावर जॉबकार्डांची चळत. या लेखासाठी अशा विभागाचा एक नमुना दिवस घेतला आहे. मशिने तीन आहेत आणि तिन्ही सारखी आहेत, म्हणजे कोणतीही प्लेट कोणत्याही मशीनवर लावली तरी तेवढाच वेळ घेते. कामे अकरा आहेत. काम सकाळी ८ वाजता सुरू होते आणि रात्री ८ वाजता ग्राहकाकडे जाणारा टेम्पो निघतो. या अकराही प्लेटा एकाच प्रेस टूलचे भाग आहेत आणि सगळे भाग हाती आल्याशिवाय ग्राहकाला जुळणी सुरू करता येत नाही. त्यामुळे दहा प्लेटा वेळेवर आणि अकरावी दुसऱ्या दिवशी, याला काही अर्थ उरत नाही. सुपरवायझरपुढचा प्रश्न एवढाच आहे की कोणती प्लेट कोणत्या मशीनला द्यावी, म्हणजे सर्वांत शेवटी संपणारे मशीन शक्य तितक्या लवकर मोकळे होईल.

जॉबकार्डे ज्या क्रमाने टेबलावर आली, त्या क्रमाने त्यांचे अंदाजी वेळ असे आहेत.

| काम | वेळ (तास) |
|---|---|
| १ | ३ |
| २ | २ |
| ३ | ४ |
| ४ | २.५ |
| ५ | ३ |
| ६ | १.५ |
| ७ | ५ |
| ८ | २ |
| ९ | ३.५ |
| १० | १ |
| ११ | ८ |

हे वेळ अर्ध्या तासाच्या पटीत धरलेले आहेत आणि प्रत्येकात सेटिंगचा अर्धा तास मिळवलेला आहे. उदाहरणार्थ ११ क्रमांकाचे काम म्हणजे ५० मिलिमीटर जाडीची डाय प्लेट. तिच्यातल्या सगळ्या आकारांची मिळून कट-लांबी ५४० मिलिमीटर भरते, म्हणजे कापायचे क्षेत्र झाले २७,००० चौरस मिलिमीटर. फिनिशिंगचे पास धरून मिनिटाला सरासरी ६० चौरस मिलिमीटर असा दर घेतला, तर कापायला ४५० मिनिटे लागतात, म्हणजे साडेसात तास, आणि सेटिंगसह आठ. एकदा बांधलेली प्लेट मध्येच सोडून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही, कारण तिचा संदर्भबिंदू हरवतो आणि पुन्हा डायल लावून मिळवलेली जागा मायक्रॉनच्या हिशेबात तीच असेल याची खात्री नसते. म्हणून काम तोडून दोन मशिनांवर वाटण्याचा मार्ग येथे बंद आहे, आणि या प्रकरणातली सगळी अडचण त्यातूनच उभी राहते.

अकरा कामांची बेरीज साडेपस्तीस तास होते. तीन मशिनांत ती अगदी सारखी वाटली गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला ११ तास ५० मिनिटे येतील. सगळे वेळ अर्ध्या तासाच्या पटीत असल्यामुळे प्रत्यक्षात १२ तासांच्या आत हा गाडा संपणे अशक्य आहे, मग वाटणी कोणीही आणि कशीही करो. हा आकडा कामाला हात लावण्याआधी कागदावर काढून ठेवणे फार उपयोगाचे असते, कारण नंतर केलेली कोणतीही वाटणी चांगली की वाईट हे त्याच्याशी ताडून पाहता येते. येथे तो आकडा आणि टेम्पोची वेळ नेमकी जुळते: सकाळी ८ अधिक १२ तास म्हणजे रात्रीचे ८.

आता बहुतेक ठिकाणी चालणारी पद्धत पाहू. जे मशीन मोकळे होईल त्याला चळतीतले वरचे कार्ड द्यायचे. ही पद्धत आळशी नाही; कोणतेही मशीन काम शिल्लक असताना रिकामे राहत नाही आणि प्रत्येक नवे काम सर्वांत कमी भार असलेल्या मशीनलाच मिळते. सुरुवातीला १, २ आणि ३ ही कामे एकेका मशीनवर चढतात. दुसरे मशीन दोन तासांनी मोकळे होते, त्यावर ४ लागते. तिसऱ्या तासाला पहिल्यावर ५, चौथ्या तासाला तिसऱ्यावर ६, आणि असेच पुढे. साडेआठ तास होतात तेव्हा दहा कामे वाटून झालेली असतात, तिसरे मशीन मोकळे होते आणि चळतीच्या तळाशी उरलेली आठ तासांची डाय प्लेट त्यावर चढते. पहिले आणि दुसरे मशीन साडेनऊ तासांनी थांबतात, तर तिसरे साडेसोळा तासांपर्यंत, म्हणजे रात्री साडेबारापर्यंत, एकटे चालत राहते. शेवटचे सात तास दोन मशिने रिकामी आणि टेम्पो केव्हाच निघून गेलेला.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. हीच कार्डे पत्ते वाटावेत तशी पाळीपाळीने वाटली, म्हणजे पहिल्या मशीनला १, ४, ७, १०, दुसऱ्याला २, ५, ८, ११ आणि तिसऱ्याला ३, ६, ९ दिली, तर सगळे काम १५ तासांत संपते. भाराकडे न पाहता केलेली वाटणी भार पाहून केलेल्या वाटणीपेक्षा दीड तासाने सरस ठरते. यावरून पाळीपाळीने वाटण्याचा गुण सिद्ध होत नाही. कार्डांचा क्रम थोडा बदलला की हा निकाल उलटू शकतो. पण कमी भाराच्या मशीनला काम देणे एवढ्यानेच भार समतोल होत नाही, हे मात्र त्यावरून स्पष्ट दिसते. बिघाड मशीन निवडण्यात नव्हता, मोठे काम शेवटी हाती घेण्यात होता.

म्हणून नियमाचा पहिला अर्धा भाग जोडायचा: कार्डे आधी वेळेनुसार उतरत्या क्रमाने लावायची आणि मगच वरून एकेक उचलून सर्वांत कमी भाराच्या मशीनला द्यायची. क्रम असा होतो: ११, ७, ३, ९, १, ५, ४, २, ८, ६, १०. आठ तासांची प्लेट पहिल्या मशीनला, पाच तासांची दुसऱ्याला आणि चार तासांची तिसऱ्याला जाते. पुढचे साडेतीन तासांचे काम सर्वांत कमी भाराच्या तिसऱ्याला मिळून त्याचा भार साडेसात होतो. नंतरचे तीन तासांचे काम दुसऱ्याला जाते आणि त्याचा भार आठ होतो. आता तिन्ही मशिने आठ, आठ आणि साडेसात अशी जवळजवळ बरोबरीला आली आहेत आणि हातात उरलेली सर्व कामे तीन तासांची किंवा त्याहून लहान आहेत. उरलेल्यांपैकी ५ तिसऱ्याला, ४ पहिल्याला, २ आणि ८ दुसऱ्याला, ६ पहिल्याला आणि १० तिसऱ्याला जाते. शेवटी पहिल्या मशीनवर ११, ४, ६ मिळून बारा तास, दुसऱ्यावर ७, १, २, ८ मिळून बारा तास आणि तिसऱ्यावर ३, ९, ५, १० मिळून साडेअकरा तास भरतात. बारा तास ही गाठता येण्याजोगी खालची मर्यादाच असल्यामुळे यापेक्षा चांगली वाटणी शोधण्याचे कारण उरत नाही.

असे का घडते, हे शेवटी संपणाऱ्या कामाकडे पाहिले की उलगडते. जे काम सर्वांत शेवटी संपते, ते ज्या क्षणी सुरू झाले त्या क्षणापर्यंत तिन्ही मशिने अखंड चालू होती. एखादे आधीच मोकळे असते तर ते काम तेथे आधीच लागले असते. त्यामुळे ते काम सोडून उरलेल्या सगळ्या कामांच्या बेरजेचा एक तृतीयांश एवढ्या वेळेच्या आत ते सुरू झालेलेच असते. हिशेब मांडला तर तीन मशिनांसाठी असे निघते की एकूण वेळ समान वाट्याच्या वर जास्तीत जास्त त्या शेवटच्या कामाच्या दोन तृतीयांशाने जाऊ शकतो. शेवटचे काम आठ तासांचे असेल तर ही संभाव्य वाढ ५ तास २० मिनिटांची होते. शेवटचे काम दोन तासांचे असेल तर ती १ तास २० मिनिटांवर येते. उतरता क्रम लावण्याचा सगळा उद्देश हाच की शेवटी संपणारे काम लहान असावे. मोठ्या कामांनी पाडलेले खड्डे लहान कामांनी बुजवता येतात, उलट करता येत नाही.

या युक्तिवादाला नेमके रूप देण्याचे श्रेय बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांना जाते. कोणत्याही क्रमाने आलेली कामे मोकळ्या मशीनला देत गेल्यास लागणारा वेळ सर्वोत्तम वाटणीच्या किती पट होऊ शकतो, याची मर्यादा त्यांनी १९६६ साली दिली. तीन मशिनांसाठी ती ५/३ पट आहे. उतरत्या क्रमासाठीची मर्यादा त्यांनी १९६९ सालच्या लेखात सिद्ध केली. `m` मशिने असतील तर ती `4/3 - 1/(3m)` पट भरते, म्हणजे तीन मशिनांसाठी ११/९, सुमारे २२ टक्के जास्त. सिद्धतेचा गाभा वरच्या परिच्छेदाच्या एकच पाऊल पुढे आहे. शेवटी संपणाऱ्या कामानंतर क्रमात आलेल्या कामांनी एकूण वेळ वाढत नाही, म्हणून ती बाजूला ठेवता येतात आणि मग ते काम उरलेल्यांत सर्वांत लहान ठरते. ते सर्वोत्तम वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे असेल, तर सर्वोत्तम वाटणीत कोणत्याही मशीनवर दोनपेक्षा जास्त कामे मावूच शकत नाहीत, आणि अशा स्थितीत उतरता क्रम स्वतःच सर्वोत्तम वाटणी देतो. ते एक तृतीयांशापेक्षा मोठे नसेल, तर संभाव्य वाढ त्याच्या दोन तृतीयांशाएवढी, म्हणजे सर्वोत्तम वेळेच्या दोन नवमांशाच्या आत राहते. ११/९ हा आकडा येथून येतो.

ही मर्यादा केवळ कागदी नाही, ती खरोखर गाठली जाते, आणि तीही अगदी साध्या दिसणाऱ्या दिवशी. समजा याच विभागात दुसऱ्या दिवशी सातच कामे आहेत: ५, ५, ४, ४, ३, ३ आणि ३ तासांची. बेरीज २७, समान वाटा ९. नियमाप्रमाणे दोन पाच तासांची कामे पहिल्या आणि दुसऱ्या मशीनला जातात, दोन्ही चार तासांची तिसऱ्याला जाऊन तेथे आठ होतात, मग तीन तासांची दोन कामे पहिल्या आणि दुसऱ्याला जाऊन तेथेही आठ होतात. तिन्ही मशिने तंतोतंत बरोबरीला आली आहेत आणि हातात तीन तासांचे एक काम उरले आहे. ते कुठेही दिले तरी अकरा तास होतात. सर्वोत्तम वाटणी मात्र नऊ तासांचीच आहे: पाच आणि चारच्या दोन जोड्या, आणि तीन-तीन तासांची तिन्ही कामे एका मशीनवर. येथे दगा देणारी गोष्ट म्हणजे कामांची कमी संख्या आणि लहान कामांचा अभाव. प्रत्येक मशीनवर जेमतेम दोन-तीन कामे येतात आणि सर्वांत लहान काम समान वाट्याच्या एक तृतीयांशाएवढे मोठे आहे, म्हणून शेवटी खड्डा बुजवायला काही उरतच नाही.

हे ओळखायला कोणतीही सिद्धता लागत नाही. वाटणी झाल्यावर सर्वांत मोठा भार आणि समान वाटा शेजारी लिहायचे. पहिल्या दिवशी ते बारा आणि ११ तास ५० मिनिटे होते, म्हणून तेथेच थांबायचे. दुसऱ्या दिवशी ते अकरा आणि नऊ आहेत, म्हणून अदलाबदल करून पाहायची. सर्वांत भरलेल्या मशीनवरचे एक काम आणि दुसऱ्या मशीनवरचे त्यापेक्षा थोडे लहान काम यांची जागा बदलायची. पहिल्या मशीनवर ५, ३, ३ आहेत आणि तिसऱ्यावर ४, ४. त्यातले पाच आणि चार बदलले की पहिल्यावर दहा आणि तिसऱ्यावर नऊ होतात. मग पहिल्यावर उरलेल्या ४, ३, ३ मधले चार आणि दुसऱ्यावरच्या ५, ३ मधले तीन बदलले की तिन्हीकडे नऊ. दोनच अदलाबदलींत काम झाले. दरवेळी इतके सरळ जुळेलच असे नाही. सर्वोत्तम वाटणी नेमकी शोधून देणारी, कामे कितीही असली तरी झटपट चालणारी पद्धत कोणालाही सापडलेली नाही, आणि हा प्रश्न दोन मशिनांसाठीही अशी पद्धत न सापडलेल्या अवघड प्रश्नांच्या वर्गातच मोडतो. सात कामे तीन मशिनांत वाटण्याचे २,१८७ प्रकार होतात, ते संगणक क्षणात तपासतो. चाळीस कामांचे प्रकार तपासत बसणे त्यालाही परवडत नाही. म्हणून एवढ्या मोठ्या चळतीत उतरता क्रम आणि वर थोडी अदलाबदल हाच व्यवहारात टिकणारा मार्ग आहे.

पुन्हा पहिल्या दिवसाच्या अकरा प्लेटांकडे येऊ, कारण तेथे एक प्रश्न अजून सुटलेला नाही आणि माझ्या मते प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी तोच जास्त महत्त्वाचा आहे. उतरत्या क्रमाने वाटणी केली आणि मशिनांवरही त्याच क्रमाने कामे चालवली, तर मोठ्या प्लेटा सकाळी सुरू होतात आणि लहान प्लेटा सगळ्या संध्याकाळी बाहेर येतात. प्रत्येक प्लेट सुरुवातीपासून सरासरी नऊ तासांनी हाती लागते. तपासणीच्या टेबलावरचा माणूस दुपारपर्यंत जवळजवळ मोकळा बसतो आणि संध्याकाळी सहानंतर त्याच्यापुढे प्लेटांचा ढीग पडतो. सर्वांत लहान काम आधी हा उलटा नियम लावला तर ही सरासरी सहा तासांच्या किंचित खाली येते, पण मग आठ तासांची प्लेट पुन्हा शेवटी राहून एकूण वेळ साडेपंधरा तासांवर जातो. दोन नियमांपैकी एक निवडायचा अशी ही अडचण दिसते.

ती तशी नाही. उतरत्या क्रमाने फक्त एवढेच ठरते की कोणती प्लेट कोणत्या मशीनवर जाईल. एकदा वाटणी झाली की त्या त्या मशीनवर प्लेटा कोणत्या क्रमाने चालतात याने त्या मशीनचा एकूण भार बदलत नाही. म्हणून कार्डे मोठ्याकडून लहानाकडे वाटायची आणि प्रत्येक मशीनवर लहानाकडून मोठ्याकडे चालवायची. पहिल्या मशीनवर ६, ४, ११. दुसऱ्यावर दोन तासांची दोन कामे, मग १ आणि ७. तिसऱ्यावर १०, ५, ९, ३. एकूण वेळ बाराच तास राहतो आणि सरासरी जवळजवळ सहा तासांवर येते. आठ तासांची प्लेट आता बारा वाजता सुरू होऊन रात्री आठला संपते. तिचे आणखी एक बरे होते: हीट ट्रीटमेंटहून ती अकरापर्यंत आली नाही, तरी कोणतेही मशीन अडून राहत नाही.

मात्र या मांडणीत एक अडचण लपलेली आहे, जी भाराच्या बेरजेत दिसत नाही. दुपारी बारा वाजता तिन्ही मशिने एकदम मोकळी होतात आणि सेटर एकच आहे. पहिल्याची प्लेट बांधून, डायल लावून, वायर ओवून होईपर्यंत अर्धा तास जातो, दुसऱ्याची होईपर्यंत एक तास. तोवर तिसरे मशीन थांबलेले असते आणि बारा तासांचा हिशेब कोलमडतो. सुदैवाने क्रम बदलण्याची मोकळीक अजून शिल्लक आहे. दुसऱ्या मशीनवर दोन, तीन, दोन, पाच तास आणि तिसऱ्यावर एक, साडेतीन, तीन, चार तास असा क्रम लावला, तर पहिले मशीन बारा वाजता, तिसरे साडेबाराला आणि दुसरे एक वाजता मोकळे होते. दिवसभरातली बाकीची सेटिंगही एकमेकांपासून किमान अर्धा तास दूर पडतात. सकाळच्या तीन प्लेटा तेवढ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवाव्या लागतात. सरासरी थोडी वाढून ६.२ तास होते, ती किंमत मोजण्यासारखी आहे.

राहता राहिला अंदाज चुकण्याचा धोका. वायरकटमध्ये मिनिटाचा दर जाडीप्रमाणे बदलतो. जाड प्लेटमध्ये फटीतला गाळ पाण्याच्या झोताने नीट निघत नाही, स्पार्क अस्थिर होतो, वायर तुटते, आणि आकार पूर्ण कापला जाण्याआधी आतला तुकडा चुंबकाने धरायला माणूस हजर नसेल तर मशीन थांबवून ठेवावे लागते. यातले प्रत्येक कारण सर्वांत मोठ्या कामाला सर्वांत जास्त लागू पडते. समजा आठ तासांची प्लेट दहा तास घेते. ती पहिल्या मशीनवर शेवटी लावलेली असेल, तर रात्री दहाशिवाय सुटका नाही, कारण तिच्या मागे दुसरीकडे हलवता येईल असे काहीच उरलेले नसते. तीच सकाळी आठला सुरू केलेली असेल, तर संध्याकाळी चार वाजता ती संपली नाही हे दिसते, तेव्हा तिच्या मागे अडीच आणि दीड तासांची कामे अजून थांबलेली असतात. सहा वाजता पहिले मशीन मोकळे झाले की अडीच तासांचे त्यावर लागते आणि दीड तासांचे साडेसातला मोकळ्या होणाऱ्या तिसऱ्या मशीनवर हलवता येते. सगळे नऊला संपते. टेम्पोला तासभर थांबवता येते, दोन तास नाही.

म्हणून ज्या कामाच्या अंदाजावर भरवसा कमी आहे तेवढे त्या मशीनवर पहिले चालवावे आणि बाकीची कामे लहानाकडून मोठ्याकडे, हे मला या प्रकरणातले योग्य उत्तर वाटते. त्यात प्लेट हाती लागण्याची सरासरी सुमारे सव्वासात तासांवर जाते, म्हणजे दोन टोकांच्या साधारण मधोमध. अर्थात त्यासाठी प्लेट सकाळी हीट ट्रीटमेंटहून आलेली असली पाहिजे. ती आलीच नसेल तर वरची दुपारची मांडणी चालवावी आणि पहिल्या मशीनवर रात्री थांबू शकणारा ऑपरेटर आधीच ठरवून ठेवावा.

वरचा सगळा हिशेब तिन्ही मशिने सारखी आहेत या गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक सगळ्यांत आधी तपासायला हवे. एका मशीनच्या टाकीची उंची कमी असल्यामुळे ५० मिलिमीटरची प्लेट त्यावर बसत नसेल, किंवा जुन्या जनरेटरमुळे एकाचा दर इतर दोघांपेक्षा कमी पडत असेल, तर ११/९ ची हमी लागू राहत नाही. बसण्याची अडचण असेल तर अडलेल्या प्लेटा आधी त्यांच्या मशिनांना देऊन मग बाकीच्या उतरत्या क्रमाने वाटाव्यात. दराचा फरक असेल तर कोणत्या मशीनवर भार कमी आहे हे पाहणे पुरत नाही, हे काम दिल्यावर ते कोणत्या मशीनवर सर्वांत आधी संपेल हे पाहून द्यावे. दोन्ही वेळा वाटणीनंतर सर्वांत मोठा भार गाठता येण्याजोग्या वेळेशी ताडून पाहावाच लागतो. संथ मशीन असताना ती वेळ काढण्यासाठी कामाच्या बेरजेला तीनने भागून चालत नाही, तिन्ही मशिनांच्या दरांच्या बेरजेने भागावे लागते.